ढेकर वरचा, वारा खालचा

पोटात गॅस झाला की आपण ओवा चावतो आणि विषय संपवतो. पण हा वायू आला कुठून, हे त्याची वेळच सांगते. घाईघाईत जेवताना, सोडा पिताना, च्युइंगम चघळताना हवा गिळली जाते. ती बहुतांशी नायट्रोजन-ऑक्सिजन असते, तिला वास नसतो आणि ती लवकरच ढेकर होऊन वर येते. काहींना तर मिनिटाला अनेक ढेकर येतात. ती हवा जठरात पोचतही नाही; अन्ननलिकेत ओढली जाते आणि लगेच बाहेर पडते. बोलताना वा झोपेत हे थांबत असेल, तर ही सवय समजावी. त्यावर औषधापेक्षा पोटाने श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो.

आंबण्याचा वायू मोठ्या आतड्यात, जेवणानंतर काही तासांनी तयार होतो. सकाळी दूध प्यायलात आणि दुपारी पोट गुरगुरून फुगलं, तर दोन आठवडे दूध सोडून पाहा. फरक पडला, तर दुधातली साखर पचत नसावी.

आता पंचावन्न वर्षांच्या बाई घ्या. महिनाभर पोट रोजच फुगलेलं, दोन घासांत पोट भरतं, लघवीला वारंवार जावं लागतं, साडीची गाठ घट्ट होते. हा गॅस मानून चूर्ण घेत बसू नये. अंडाशयाचा कर्करोग असाच सुरू होऊ शकतो. पोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या.