अठरा अध्याय, अठरा रविवार

मोठे धर्मप्रवचन साध्या, आजच्या भाषेत सांगायचे म्हणजे त्यातले अवघड शब्द काढून सोपे घालायचे, असा सर्वसाधारण समज आहे. खानदेशातल्या ज्या पुस्तकात हे काम सर्वांत नीट झालेले दिसते, त्यात मात्र अवघड शब्द जागच्या जागी आहेत. यज्ञ, स्वधर्म, विकर्म, विभूती यांपैकी एकही शब्द विनोबांनी ‘गीता प्रवचने’तून हद्दपार केला नाही. भोवतालची वाक्ये बदलली, दाखले बदलले. मूळ शब्द तेवढे ठेवले आणि त्यांच्यात काय भरायचे ते दर वेळी उघड सांगितले. पुस्तकाचे साधेपण बरेचसे इथून येते. त्यात मूळ शिकवणीला कुठे धक्का लागला असेल तर तोही याच शब्दांपाशी सापडतो.

1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी 1930 मध्ये सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजीही तिथेच होते. 21 फेब्रुवारी 1932 रोजी विनोबांनी पहिल्या अध्यायावर प्रवचन दिले आणि 19 जून रोजी अठराव्यावर. मधला एकही रविवार चुकला नाही; दर रविवारी एक अध्याय. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेले हे काम चैत्र-वैशाखातल्या खानदेशी उन्हाळ्यातून गेले. श्रोते तुरुंगातले होते आणि त्यांत शास्त्री-पंडितांपेक्षा कार्यकर्त्यांचा भरणा. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. पुस्तक उभे राहिले ते त्या लिखाणावरून.

या वेळापत्रकानेच पहिला निर्णय करून टाकला. गीतेचे श्लोक 700 आहेत, पण ते अध्यायांत सारखे वाटलेले नाहीत. बाराव्यात आणि पंधराव्यात प्रत्येकी 20, दुसऱ्यात 72, अठराव्यात 78. प्रत्येकाला रविवार एकच. त्यामुळे श्लोकामागून श्लोक घेत अर्थ सांगण्याची कीर्तनकारी-पुराणिकी पद्धत इथे चालण्यासारखी नव्हती. अध्यायाचा मुद्दा कोणता, हे आधी ठरवावे लागले आणि मग त्या मुद्द्याला धरून असलेले श्लोक वर काढावे लागले. दुसऱ्या अध्यायाचे उदाहरण घेता येईल. त्यातून विनोबा तीन सिद्धांत काढतात: आत्मा मरत नाही, देह टिकत नाही आणि स्वधर्म टाळता येत नाही. हे झाले शास्त्र. ते आचरणात आणायची युक्ती, म्हणजे फळाची आस सोडून कर्म करणे, ही झाली कला. दोन्ही ज्याच्यात एकत्र आली तो स्थितप्रज्ञ. 72 श्लोक या चौकटीत बसतात. पुढच्या अध्यायांचे धागेही तिला जोडता येतात.

इतके गाळायचे धाडस सुरक्षित ठरले, याला एक कारण आहे. विनोबांनी आदल्याच दोन वर्षांत, ऑक्टोबर 1930 ते फेब्रुवारी 1931 या काळात, गीतेचा श्लोकाला श्लोक असा मराठी पद्यानुवाद केला होता. ‘गीताई’ 1932 मध्येच छापून आली. तिथे एक शब्द वाढवायची सोय नव्हती. जो अर्थ मोजक्या अक्षरांत बसवताना प्रत्येक पदाशी झगडावे लागले, तो प्रवचनात सैल सोडताना हात कुठवर जाऊ द्यायचा हे आपोआप कळते. आधी बांधील अनुवाद आणि मग मोकळे विवरण, हा क्रम बहुतेक सुलभीकरणांत उलटा असतो किंवा पहिली पायरीच नसते. घसरण तिथेच होते.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सतराव्या अध्यायात जवळून पाहता येते. गीतेत इथे यज्ञ, दान आणि तप यांचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगितले आहेत. शब्द जुने, आणि यज्ञ म्हटले की डोळ्यांपुढे वेदी आणि समिधा येतात. विनोबा विचारतात, माणूस जन्मतः कशाकशाच्या आधाराने जगतो? भोवतालची सृष्टी, समाज आणि स्वतःचे शरीर. तिन्हींचा तो वापर करतो, म्हणून तिन्हींची झीज होते. जमिनीतून पीक घेतले की तिचा कस कमी होतो. तो परत भरून देणे हा यज्ञ. आई-बाप, गुरुजन, शेजारी यांच्याकडून जे घेतले ते समाजाला फेडणे हे दान. शरीरात शिरणारे दोष काढून ते शुद्ध ठेवणे हे तप. ज्याच्या घरी शेती आहे त्याला शेणखताची गाडी यज्ञात मोडते हे समजायला संस्कृत लागत नाही.

हा विपर्यास आहे का, हे तपासायचे तर श्लोकाकडे परत जावे लागते. तिथे यज्ञाचे तीन प्रकार ज्या कसोटीवर पाडले आहेत, ती कसोटी आहे हेतूची. फळाची इच्छा न धरता, कर्तव्य म्हणून केला तो सात्त्विक. फळासाठी किंवा दिखाव्यासाठी केला तो राजस. विधी आणि श्रद्धा सोडून केला तो तामस. विनोबांच्या मांडणीत यज्ञाचा विषय वेदीवरून शेतात गेला, पण निष्कामतेची कसोटी तीच राहिली. खत घालणारा नाव मिळावे म्हणून घालत असेल तर त्याचे कामही राजसच ठरते. शिवाय सृष्टी आणि माणूस यांच्या देवघेवीचे यज्ञचक्र गीतेनेच तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, त्यामुळे नव्या अर्थाला ग्रंथातच आधार आहे. दाखला बदलला आणि निकष शाबूत राहिला, तर शिकवण शाबूत राहते. यज्ञाच्या जागी नुसते ‘समाजसेवा’ लिहिले असते तर वाक्य अधिक सोपे झाले असते. मात्र तीन प्रकारांचा भेद तिथेच गळून पडला असता, कारण समाजसेवा राजस किंवा तामस असू शकते हे त्या शब्दातून सुचतच नाही.

चौथ्या अध्यायात गोष्ट इतकी सरळ नाही. कर्म, विकर्म आणि अकर्म या तिन्हींचे स्वरूप जाणले पाहिजे, असे तिथे एका श्लोकात म्हटले आहे. विकर्म हा शब्द संपूर्ण गीतेत या एकाच ठिकाणी येतो आणि त्याची व्याख्या ग्रंथात कुठेच नाही. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ शास्त्राने निषिद्ध ठरवलेले कर्म असा घेतला, आणि संस्कृतातल्या प्रचलित वापराला तो धरून आहे. विनोबा वेगळे सांगतात. स्वधर्म म्हणून करायची बाहेरची क्रिया म्हणजे कर्म. त्या क्रियेला मनाची जी आतली साथ लागते ते विकर्म, म्हणजे विशेष कर्म. आणि दोन्ही एक झाली की कर्माचा भार उरत नाही, ते अकर्म. पिंडीवर पाण्याची धार धरली आणि मनात भावनेची धार नसेल, तर एक दगड समोर आहे आणि दुसरा पाणी ओततो आहे, इतकेच उरते. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तेव्हा क्रिया क्षुल्लक असते, पण तिच्यात मन उतरलेले असते.

हे समजते चटकन आणि विसरत नाही. तरीही सतराव्या अध्यायात दाखला बदलला होता, इथे व्याख्याच बदलली आहे, हा फरक लपवता येत नाही. बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. लगेच पुढच्या श्लोकात कर्मात अकर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे, पण कर्मातून अकर्माकडे जायचे कसे ते तिथे येत नाही. विनोबांचे विकर्म तो पूल पुरवते. निषिद्ध कर्म असा अर्थ घेतला तर श्लोकातली मधली संज्ञा पुढे काही कामाला येत नाही. विकर्माला ‘विशेष’ मानणारे विनोबा पहिलेही नाहीत. ज्ञानेश्वरांनी वर्णाश्रमाला उचित असे विहित विशेष कर्म, या अंगाने ते सांगून निषिद्ध कर्म वेगळे काढले होते. ‘गीताई’तही त्या श्लोकात विकर्म विशेषच आहे. म्हणजे उपसर्गाचा अर्थ परंपरेतला, पण त्यात भरलेले मनाचे काम विनोबांचे. याला सुलभीकरण म्हणण्यापेक्षा भाष्य म्हणणे प्रामाणिक ठरेल. मूळ संज्ञा मजकुरात ठेवल्यामुळे ते भाष्य आहे हे वाचकाला पडताळताही येते: विकर्म हा शब्द घेऊन तो शांकरभाष्य उघडू शकतो, ज्ञानेश्वरी उघडू शकतो. त्या जागी नुसते ‘मन लावून काम करा’ असते तर पडताळायला दुवाच उरला नसता.

मजकूर सोयीचा करून घेण्याचा मोह सर्वांत मोठा होता तो पहिल्या अध्यायात. सत्याग्रही श्रोत्यांपुढे युद्धाचा उपदेश करणारा ग्रंथ ठेवायचा होता. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त कुरुक्षेत्राचे युद्ध माणसाच्या अंतरातले मानले. विनोबांना अर्जुनाला अहिंसेचा पुरस्कर्ता ठरवून प्रश्न सोडवता आला असता. त्यांनी नेमके उलट केले. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशापुढे एक दिवस स्वतःचाच मुलगा उभा राहतो आणि त्याला एकदम फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते, असा दाखला देऊन त्यांनी दाखवले की अर्जुनाचे बोलणे अहिंसेतून आलेले नाही, आप्तांच्या मोहातून आलेले आहे. लढाई गाळली नाही, अर्जुनाची पळवाटही मऊ केली नाही. गीतेचा रोख स्वधर्माच्या आड येणाऱ्या मोहावर आहे, हे श्रोत्यांना न आवडेल अशा जागी उभे राहून सांगितले. सुलभीकरण करणाऱ्याने श्रोत्यांच्या मताला किती शरण जायचे, याचा एवढा स्पष्ट नमुना मराठीत दुसरा दाखवणे कठीण.

स्वधर्माची बाब तितकी निकाली लागत नाही. आई निवडता येत नाही, तसा स्वधर्म जन्मासोबत वाट्याला येतो, असे विनोबा म्हणतात. गीतेतला स्वधर्म अठराव्या अध्यायात चार वर्णांच्या कर्मांशी जोडलेला आहे, आणि आजच्या वाचकाला टोचतो तो हाच जोड. प्रवचनांत भर आहे तो समोर आलेल्या सेवेवर. वर्णाचा प्रश्न त्यामुळे मागे सरतो, सुटत मात्र नाही. मुळात जे टोचते ते साध्या भाषेत आणताना टोचेनासे होत असेल, तर तिथे थांबून मूळ उघडावे.

बोलण्याचे लिखाण करताना आणखी एक गाळणी लागते. गुरुजींची स्वतःची लेखणी भावनेने ओथंबणारी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ‘गीता प्रवचने’त वाक्ये आखूड आहेत, प्रश्न विचारून लगेच उत्तर देणारी आहेत आणि दाखला मुद्द्यापुरता येऊन थांबतो. लिहून घेणाऱ्याने आपला सूर बराचसा बाजूला ठेवला, असे यावरून म्हणता येते.

पुस्तकाची पुढे 108 अधिकरणांत विभागणी झाली. प्रत्येकाला छोटे शीर्षक आहे आणि क्रमांक अध्यायागणिक नव्याने सुरू न होता सलग चालतात. नंतर विनोबांनी हाच प्रवास उलट दिशेने केला. या अधिकरणांचा आशय त्यांनी ‘साम्यसूत्रे’ या नावाने संस्कृतात बांधला. त्यातली सूत्रेही 108 आहेत.