शुक्रवार, दुपारी दीड

27 डिसेंबर 2024. त्या आठवडाभर क्रिप्टोच्या बातम्यांत एकच आकडा फिरत होता: 14 अब्ज डॉलर. एवढ्या रकमेचे बिटकॉइनचे ऑप्शन्स त्या शुक्रवारी एकाच क्षणी संपणार होते. आता प्रचंड उलथापालथ होणार, असं सगळीकडे छापून येत होतं. ‘मॅक्स पेन’ नावाचा एक भावही सांगितला जात होता, साधारण 85 हजार डॉलरचा, आणि बाजार तिकडे ओढला जाईल अशी भाकितं होती. प्रत्यक्षात बिटकॉइन 95 हजारांच्या आसपासच राहिला. मॅक्स पेन दहाएक हजार डॉलर खाली तसाच राहून गेला.

मग या तारखांचा काही परिणाम होतच नाही का? होतो. पण तो बातमीतल्या मोठ्या आकड्यामुळे होत नाही.

बिटकॉइन आणि इथरच्या ऑप्शन्सचा सर्वांत मोठा बाजार बराच काळ डेरिबिट हा राहिला आहे. नेदरलँड्समध्ये सुरू झालेली ही कंपनी 2025मध्ये अमेरिकेच्या कॉइनबेसने विकत घेतली. तिथे रोज, दर आठवड्याला आणि दर महिन्याला एक्स्पायरी असते. महिन्याची एक्स्पायरी शेवटच्या शुक्रवारी येते, आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमधल्या सर्वांत जड. वेळ ठरलेली: जागतिक वेळेनुसार सकाळी आठ, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड. त्याआधीच्या अर्ध्या तासात, एक ते दीडच्या दरम्यान, डेरिबिटच्या निर्देशांकाची सरासरी काढतात आणि त्या सरासरी भावाने हिशेब मिटवतात. हा निर्देशांक अनेक एक्स्चेंजांवरच्या भावांतून बनतो. त्यामुळे दीडच्या ठोक्याला एखाद्याने भावाला धक्का दिला, तरी तो सरासरीत बराचसा विरून जातो.

हिशेब असा: समजा भाव 96 हजारांवर ठरला. 80 हजार स्ट्राइकचा कॉल ज्याच्याकडे आहे, त्याला एका बिटकॉइनमागे 16 हजार डॉलर मिळणार. तेही डॉलरमध्ये नाही, बिटकॉइनमध्येच, म्हणजे सुमारे 0.167 बिटकॉइन. 1 लाखाचा कॉल घेणाऱ्याच्या हाती मात्र भोपळा. तरीही 14 अब्जांच्या बेरजेत हे दोन्ही सौदे सारख्याच वजनाने, म्हणजे पूर्ण 96-96 हजारांनी मोजलेले असतात. खरी देवघेव त्या बेरजेच्या मानाने बरीच लहान. बातमी लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही, पण मोठा आकडा मथळ्यात छान बसतो.

भाव हलवण्याचं खरं काम होतं ते सौद्याच्या दुसऱ्या बाजूला. मार्केट मेकर म्हणजे दिवसभर दोन्हीकडचे भाव देऊन ऑप्शन्स घेणारे-विकणारे. त्यांना बिटकॉइन चढेल की पडेल, यावर पैज लावायची नसते. म्हणून ऑप्शन घेतला किंवा विकला की ते वायद्यात उलटा सौदा करून स्वतःला झाकून घेतात. यालाच हेजिंग म्हणतात. भाव जसा हलतो तसं हे हेजिंग बदलावं लागतं, आणि एक्स्पायरी जवळ आली की फार भराभर बदलावं लागतं.

एक सोपं उदाहरण घेऊ. बिटकॉइनचा भाव 90 हजार आहे. काही मोठे फंड हातातल्या बिटकॉइनवर थोडं उत्पन्न मिळावं म्हणून 90 हजारांचेच कॉल विकतात. मार्केट मेकर असे 1000 कॉल विकत घेतो. भाव नेमका स्ट्राइकवर असताना प्रत्येक कॉल साधारण अर्ध्या बिटकॉइनसारखा वागतो, म्हणून तो 500 बिटकॉइन वायद्यात विकून ठेवतो. एक्स्पायरीला अर्धाएक दिवस उरलेला असताना भाव एक टक्का वर गेला, तर प्रत्येक कॉल 0.7 बिटकॉइनसारखा वागू लागतो. मार्केट मेकरला आणखी 200 विकावे लागतात. भाव उलट एक टक्का खाली आला, तर तो 200 परत विकत घेतो. म्हणजे चढला की विक्री, पडला की खरेदी. भाव 90 हजारांच्या आसपास खिळून राहतो. बाजारात याला ‘पिन’ होणं म्हणतात.

आता बाजू उलटवा. सटोडियांना तेजी हवी आहे, ते कॉल विकत घेत सुटले आहेत आणि मार्केट मेकरने त्यांना ते विकले आहेत. आता तोच एक टक्का वर गेला की त्याला 200 बिटकॉइन विकत घ्यावे लागतात, खाली आला की विकावे लागतात. प्रत्येक हालचालीला त्याच दिशेचा आणखी धक्का. एक्स्पायरीला तासभरच उरला असेल, तर एका टक्क्याच्या फरकाने कॉल 0.5वरून जवळजवळ पूर्ण 1वर जातो. मग 200च्या जागी पाचशेच्या घरात बिटकॉइन घ्यावे लागतात. नाताळात किंवा शनिवार-रविवारी, जेव्हा बाजारात खरेदीदार-विक्रेते मुळातच विरळ असतात, तेव्हा एवढीशी ऑर्डरही दिसून येते.

हे सगळं घडतं ते चालू भावाच्या अगदी लगतच्या स्ट्राइकवर. 90 हजारांच्या बाजारात 1 लाख 40 हजारांचे कितीही कॉल पडलेले असोत, शेवटच्या दिवशी त्यांच्यासाठी कुणी एक नाणंही हलवत नाही.

मॅक्स पेन फसतो तो इथेच. मॅक्स पेन म्हणजे असा भाव, जिथे ऑप्शन घेणाऱ्यांना मिळून सर्वांत कमी पैसे मिळतील. तो काढताना कुणी काय विकलं, कुणी हेजिंग केलं आहे, कुणाचा सौदा दुसऱ्या सौद्याशी जोडलेला आहे, यातलं काहीच विचारात घेत नाहीत. 26 डिसेंबर 2025ची एक्स्पायरी आधीच्या वर्षीपेक्षाही मोठी होती. त्या वेळी मॅक्स पेन 95-96 हजारांच्या आसपास सांगितला जात होता, म्हणजे या खेपेला चालू भावाच्या वर. भाव 90 हजारांच्या खालीच राहिला. एका वर्षी मॅक्स पेन खाली, पुढच्या वर्षी वर, आणि बाजार दोन्ही वेळा त्याच्याकडे गेला नाही.

चढउतार येतो तेव्हा तो बरेचदा दीड वाजल्यानंतर येतो. पिन करून ठेवणारं हेजिंग एक्स्पायरीबरोबर संपतं आणि इतके दिवस दाबलेला भाव मोकळा होतो. कोणत्या दिशेने, हे मात्र ऑप्शन्समधून कळत नाही. ते त्या दिवशीची खरी खरेदी-विक्री ठरवते. शिवाय मोठे खेळाडू शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. आठवडाभर आधीच ते सौदे पुढच्या महिन्यात नेतात. त्यामुळे पुष्कळदा शुक्रवारपेक्षा मंगळवार-बुधवारीच जास्त हालचाल होते.

नोव्हेंबर 2024पासून ब्लॅकरॉकच्या बिटकॉइन ईटीएफवरही न्यूयॉर्कमध्ये ऑप्शन्स सुरू झाले आणि वर्षभरात ते डेरिबिटच्या तोडीस तोड मोठे झाले. त्यांची महिन्याची एक्स्पायरी तिसऱ्या शुक्रवारी, तीही अमेरिकेचा शेअर बाजार बंद होताना, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर. फक्त महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी दीडला पडद्यासमोर बसणाऱ्याला आता निम्माच बाजार दिसतो.