जिथून भार जातो, तिथेच धातू

जेट इंजिन हलवताना, विमानावर चढवताना किंवा दुरुस्तीसाठी उतरवताना त्याचं वजन पेलायला इंजिनावर ब्रॅकेट बसवलेले असतात. काम तेवढ्यापुरतंच. पण काम झालं म्हणून ब्रॅकेट काढून ठेवत नाहीत. तो इंजिनावरच राहतो आणि प्रत्येक उड्डाणात आपलं वजन घेऊन फिरतो. जनरल इलेक्ट्रिकने २०१३ साली असाच एक टायटॅनियमचा ब्रॅकेट ग्रॅबकॅड या संकेतस्थळावर ठेवला आणि जगभरच्या डिझायनरांना सांगितलं, हा हलका करून दाखवा. मूळ वजन होतं २,०३३ ग्रॅम. बोल्टची चार भोकं आणि पिनेचं भोक आहे त्या जागी राहायला हवं होतं, आणि भाग ठरलेल्या जागेबाहेर जाता कामा नये होता. भार चार प्रकारचे होते: सरळ वर साडेतीन टनांहून थोडा जास्त, आडवा पावणेचार टनांच्या वर, तिरका सव्वाचार टनांच्या वर, आणि चौथा पिळवटणारा.

सुमारे ७०० आराखडे आले. निवडलेले दहा धातूत प्रिंट करून यंत्रावर ताणून पाहिले. पहिला आला इंडोनेशियातल्या सालातिगा गावचा एम. आरी कुर्निवान. त्याचा ब्रॅकेट ३२७ ग्रॅमचा होता. १०० ग्रॅममधले ८४ ग्रॅम गेले, तरी चारही भार पेलले गेले.

म्हणजे मूळ ब्रॅकेटमधला बहुतेक धातू या भारांसाठी जवळजवळ बसूनच होता. पण नेमका कुठला? स्पर्धेतल्या अनेकांनी हा शोध ज्या गणिती पद्धतीवर सोपवला, तिचं नाव टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन. ती काय करते हे समजायला जेट इंजिनाची गरज नाही, एक साधी तुळई पुरते.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले ओले सिग्मुंड यांनी २००१ साली मॅटलॅबमध्ये अवघ्या ९९ ओळींचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. या विषयात आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तो कधी ना कधी चालवून पाहतो. चालवायची ओळ अशी:

```
top(60,20,0.5,3.0,1.5)
```

पहिले दोन आकडे म्हणजे तुळईची जागा आडवी ६० आणि उभी २० अशा १,२०० चौकोनी कप्प्यांत विभागायची. ०.५ म्हणजे या जागेच्या निम्माच धातू वापरायला मिळेल. सुरुवातीला प्रत्येक कप्पा अर्धा भरलेला धरतात, जणू सगळी तुळई पातळ राखाडी रंगाची आहे. मग संगणक भार टाकून बघतो की कुठला कप्पा किती राबतोय. जास्त राबणाऱ्या कप्प्यात धातू वाढवतो, निवांत असलेल्यातून काढून घेतो, आणि पुन्हा भार टाकतो. अशा फेऱ्या होत राहतात. पडद्यावर राखाडी धुकं हळूहळू विरतं आणि काळ्या तिरक्या दांड्या उमटतात. शेवटी जे दिसतं ते रेल्वेच्या जुन्या पुलाच्या बाजूसारखं असतं, आणि ते कुणी काढलेलं नसतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री झोपलो नव्हतो, आकडे बदलून पुन्हा पुन्हा चालवत बसलो होतो.

यात एक अडचण आहे. अर्धा भरलेला कप्पा गणितात चालतो, कारखान्यात नाही. धातू एक तर असतो किंवा नसतो. चौथा आकडा, ३.०, ही अडचण सोडवतो. कप्पा जितका भरलेला, त्याच्या घनाइतकाच ताठपणा त्याला द्यायचा. अर्ध्याचा घन एक अष्टमांश. म्हणजे अर्ध्या कप्प्याला धातू निम्मा लागतो आणि ताठपणा मात्र आठव्या हिश्शाएवढाच मिळतो. हा सौदा इतका तोट्याचा आहे की गणित आपणहून अर्धेमुर्धे कप्पे सोडतं आणि पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या कप्प्यांकडे सरकतं.

शेवटचा आकडा, १.५, मला सगळ्यांत शिकवण्यासारखा वाटतो. तो काढला की चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दिसू लागतात. कप्पे फक्त कोपऱ्यांना टेकलेले असतात. खऱ्या धातूत असा जोड हाताने मोडेल, पण कप्प्यांचं गणित त्याला मजबूत समजतं. म्हणून प्रत्येक कप्प्याने निर्णय घेताना दीड कप्प्याच्या परिसरातल्या शेजाऱ्यांचंही ऐकायचं, असा नियम घालतात. या परिसराची सरासरी घेतली की पट जातो आणि सलग दांड्या येतात. म्हणजे संगणकाच्या उत्तरात काही भाग निसर्गनियमाचा असतो आणि काही भाग निव्वळ गणिताच्या चुकीचा. हे दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत तर सुंदर दिसणारा आकारही फसवतो.

कमीत कमी सामानात भार कसा न्यावा, हा प्रश्न मेलबर्नच्या अँथनी मिशेल या अभियंत्याने १९०४ सालीच कागदावर मांडला होता. मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांनी १९८८ साली तो संगणकाला सोडवता येईल अशा रूपात आणला. अलीकडे जनरेटिव्ह डिझाइन म्हणतात ते बहुतेक वेळा याच्याच पुढचं पाऊल असतं. एकच उत्तर काढण्याऐवजी धातू बदलून, बनवण्याची पद्धत बदलून संगणक अनेक उत्तरं काढतो आणि शेजारी शेजारी मांडतो. जनरल मोटर्सने ऑटोडेस्कच्या साहाय्याने सीटबेल्टचा ब्रॅकेट असा तपासला तेव्हा दीडशेच्या वर पर्याय समोर आले. निवडलेला पर्याय ४० टक्के हलका आणि २० टक्के मजबूत असल्याचं कंपनीने २०१८ साली सांगितलं. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट वजनाची नव्हतीच. आठ तुकडे जोडून होणारा भाग एकाच तुकड्यात आला होता, ही होती.

पण संगणक विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. भिंतीवरच्या फळीच्या ब्रॅकेटला फक्त खाली दाबणारा भार सांगितला, तर तो दोन सडपातळ पाय देईल आणि ते फळी चोख धरतील. फळी पुसताना बाजूने लागणारा धक्का कुणी सांगितलाच नसेल, तर त्या दिशेला आकाराजवळ काहीच शिल्लक नसेल. जुन्या जाडजूड भागात न विचारलेल्या भारांसाठी आपोआप राखीव धातू असायचा. इथे तोच पहिल्यांदा निघून जातो. शिवाय नेहमीचं गणित ताठपणा मोजतं. दाबाखालचा बारीक पाय उभ्या धरलेल्या पट्टीसारखा बाजूला वाकून निकामी होईल का, हे ते पाहत नाही. म्हणून निघालेला खडबडीत आकार गुळगुळीत करून नव्याने काढायचा, बारीक कप्प्यांत विभागायचा आणि वाकण्यासाठी, ताणासाठी, वारंवार येणाऱ्या भारासाठी वेगवेगळा तपासायचा. ही दुसरी तपासणी टाळलेला आराखडा माझ्यासमोर आला तर मी पुढे पाठवत नाही.

मग बनवायचं कसं? धातूच्या पावडरचे थर लेझरने वितळवत जाणारं प्रिंटिंग सगळ्यांत मोकळं वाटतं, पण त्यालाही अटी आहेत. साठ मिलिमीटर उंचीचा भाग चाळीस मायक्रॉनच्या थरांत म्हणजे दीड हजार थरांत होतो. थराला एक मिनिट धरलं तर पंचवीस तास. तळपट्टीशी साधारण पंचेचाळीस अंशांपेक्षा कमी कोन करून झुकलेला भाग खालून आधार दिल्याशिवाय नीट उतरत नाही, आणि तो आधार नंतर तोडून काढावा लागतो. हात किंवा हत्यार पोचत नसेल तर आधार आतच राहतो. भाग तळपट्टीवरून कापण्याआधी भट्टीत ठेवून आतला ताण उतरवावा लागतो, नाहीतर कापताच तो वाकडा होतो. पिनेचं भोक अचूक हवं म्हणून मशिनिंग करावंच लागतं, आणि तिथे वेगळाच पेच उभा राहतो. या वळणदार आकाराला धरायला सपाट जागाच नसते. प्रिंट केलेला पृष्ठभाग खरखरीत असतो आणि वारंवार भार आला की तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

ओतकाम हा दुसरा मार्ग. तो मला कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत शिकवला गेला. मी गाडीच्या एका ब्रॅकेटचं प्लॅस्टिकमध्ये प्रिंट केलेलं मॉडेल घेऊन गेलो होतो. फांद्या फुटाव्यात तसा आकार होता आणि मला त्याचा अभिमान होता. तिथल्या पॅटर्नवाल्या मिस्त्रींनी तो हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवला आणि अंगठ्याने एका पोकळीत दाब दिला.

‘‘साहेब, ह्यो वाळूतनं काढायचा कसा?’’

‘‘कोअर टाकून नाही का होणार, मामा?’’

‘‘हितं एक, हितं एक, आन् ह्या बिळात तिसरा. तीन कोअर. आन् ह्या जाड गाठीत पोकळ धरणार, बगा.’’

त्यांचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं. पॅटर्न वाळूतून एका दिशेने निघाला पाहिजे. मध्ये बोगदा आला की तिथे वेगळा कोअर हवा, आणि प्रत्येक कोअर म्हणजे वाढीव खर्च आणि तो सरकण्याचा धोका. अनेक फांद्या जिथे एकत्र येतात ती गाठ सगळ्यांत शेवटी थंड होते. तिला तेव्हा पुरेसं ओतीव मिळालं नाही तर आत आकसून पोकळी राहते.

परत येऊन मी पॅटर्न निघण्याची दिशा संगणकाला अट म्हणून दिली. त्या दिशेने पाहिलं तर रिकाम्या कप्प्याआड धातू लपलेला असता कामा नये. दांडीची कमीत कमी जाडीही ठरवून दिली. फांद्या गेल्या. पातळ पाठ आणि तिच्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या रिब असा आकार आला. मोकळ्या उत्तरापेक्षा तो जड होता, पण आधीच्या ब्रॅकेटपेक्षा हलका, आणि एकाही कोअरशिवाय ओतता येणारा. एअरबसने ए-३८०च्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या रिब अशाच पद्धतीने ठरवल्या, आणि त्या ॲल्युमिनियममधून साध्या मिलिंगने कोरल्या. तिथे अट होती ती कटर कुठवर पोचतो याची.

म्हणून समोर असा आराखडा आला की मी सगळ्यांत आधी हा भाग दर दिवशी वजन वाहतो का ते विचारतो. विमानात वाहतो, आणि तिथे प्रिंटिंगचे पंचवीस तास परवडतात. जमिनीला बोल्टने घट्ट धरलेल्या मशीनच्या पायात ते परवडत नाहीत. तिथे वाचलेलं किलोभर लोखंड कुणाच्या कामाचं नसतं. नंतर किती नग हवेत ते विचारतो. दहा-वीस असतील तर प्रिंटिंगचा विचार होतो, लाखभर असतील तर ओतकाम किंवा प्रेस, आणि मग त्या पद्धतीची अट पहिल्या फेरीपासून गणितात हवी. शेवटी मॉडेल हातात घेऊन अंगठ्याने पोकळ्या दाबून पाहतो. ही सवय मला मामांची लागली आहे.