सहा मिनिटांचं काम दोन सेकंदांत

दूध संघाचा सर्व्हर हलवायचा तर तो मध्यरात्रीच. पहाटे साडेपाचला गावोगावच्या संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ मोजून सभासदाच्या खात्यावर नोंदी सुरू होतात. त्या वेळी डेटाबेस बंद असला तर कॅन घेऊन आलेली माणसं रांगेत ताटकळतात. म्हणून जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर जाण्यासाठी रात्रपाळीच्या ॲडमिनला एक ते पाच एवढाच वेळ मिळाला होता. गोष्ट रचलेली आहे, पण त्या रात्री झालेली चूक या धंद्यात अनेकांच्या हातून घडलेली आहे.

तिची तयारी चोख होती. आदल्या दिवशीच तिनं डीएनएसच्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणला होता. एक वाजता तिनं नोंदी थांबवल्या आणि शेवटची नोंद कागदावर लिहून ठेवली: शीतकरण केंद्रावरच्या टँकरची, १२ वाजून ४७ मिनिटांची. मग मायएसक्यूएल बंद केलं. आता जुन्या मशीनवरच्या ४० जीबी फाइली नव्या मशीनच्या रिकाम्या फोल्डरमध्ये आणायच्या होत्या. नव्या मशीनच्या खिडकीत तिनं टाइप केलं:

```
rsync -a --delete /var/lib/mysql/ db-old:/var/lib/mysql/
```

या आज्ञेत आधी येतं ते 'कुठून' आणि नंतर येतं ते 'कुठे'. तिच्या हातून क्रम उलटा झाला होता. `--delete` चा अर्थ असा, की मूळ ठिकाणी जे नाही ते दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसून टाक. मूळ म्हणून दिलेलं फोल्डर रिकामं होतं, त्यामुळे जुन्या मशीनवरचा सगळा डेटा पुसला गेला. स्क्रीनवर चुकीचा एकही संदेश उमटला नाही.

तिला शंका आली ती वेगामुळे. तिथल्या नेटवर्कवर ४० जीबी यायला निदान सहा मिनिटं लागायला हवीत, आणि आज्ञा दोन सेकंदांत संपली होती. जुन्या मशीनवर तिनं `du -sh` चालवून पाहिलं. उत्तर आलं, `4.0K`.

डेटाबेस चालू असता तर एक वाट उरली असती, कारण चालू प्रोग्रामनं उघडून ठेवलेली फाइल पुसली तरी तो बंद होईपर्यंत डिस्कवर टिकते. पण तो तर तिनं नियमाप्रमाणे आधीच बंद केला होता. तिनं वरिष्ठांना उठवलं.

"सर, जुन्या मशीनवरचा डेटा गेला. माझ्याकडून आरसिंक उलटा चालला."

"रिस्टोअरची चाचणी कधी केली होतीस?"

"मागच्या रविवारी. एक तास पन्नास मिनिटं लागली होती."

"मग त्या डिस्कला हात लावू नकोस. नव्या मशीनवर रिस्टोअर सुरू कर."

माझ्या मते त्या रात्रीचा कळीचा आकडा हाच. बॅकअप आहे एवढंच माहीत असतं, तर पुसलेल्या फाइली परत मिळवण्याच्या खटपटीत पहाट झाली असती. किती वेळ लागतो हे मोजलेलं होतं, म्हणून पावणेदोनलाच ठरवता आलं की साडेतीनच्या सुमारास डेटा उभा राहील.

चाचण्यांनी आणखी एक गोष्ट आधीच उघडी पाडली होती. पहिल्या चाचणीत डेटा पूर्ण परत आला, पण ॲप्लिकेशनला लॉगिनच होईना. एकाच डेटाबेसचा डंप घेतला तर मायएसक्यूएलची वापरकर्ता खाती त्यात येत नाहीत. तेव्हापासून ती खाती वेगळ्या फाइलमध्ये जात होती.

अशी चाचणी नसली तर काय होतं, हे ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत दिसलं. थकलेल्या इंजिनिअरनं दोन डेटाबेस सर्व्हरपैकी चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. शेवटी वेगळ्याच कामासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत कामी आली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या.

इथे रात्री अकराचा डंप होता. त्यानंतरच्या नोंदींसाठी होता बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद. तो सतत तिसऱ्या मशीनवर उतरत असे. डंप साडेतीनच्या सुमारास चढला, मग अकरापासूनचा बिनलॉग त्यावर चालवला. तिनं शेवटची नोंद काढली: टँकर, १२ वाजून ४७ मिनिटं. कागदाशी ताडून पाहिली, एकूण नोंदींची संख्या जुळवली आणि चारच्या आसपास डीएनएस नव्या मशीनकडे वळवलं. साडेपाचला केंद्रांवरच्या नोंदी नव्या मशीनवर पडू लागल्या.

पुढच्या स्थलांतराच्या आराखड्यात दोन ओळी वाढल्या. एक, आरसिंक आधी `-nv` लावून चालवायचा. त्यात काहीही न पुसता काय पुसलं जाईल त्याची यादी दिसते. दुसरी, डेटाबेस थांबवला की जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करायची. मग आज्ञा उलटी पडली तरी `Read-only file system` एवढंच उत्तर येईल.