एसीची किंमत: टन, तास आणि तांब्याची नळी

एक टनाचा एसी खोलीतून साधारण ३,५०० वॉट या वेगाने उष्णता बाहेर काढतो. दीड टनाचा हिशेब त्यामुळे ५,२७५ वॉटच्या आसपास यायला हवा. दुकानात मात्र ‘दीड टन’ म्हणून विकली जाणारी यंत्रे प्रत्यक्षात ४,७०० ते ५,३०० वॉटपर्यंत कुठेही असू शकतात. स्टार लेबलवर शीतलीकरणाची क्षमता वॉटमध्ये छापलेली असते. दोन एसींची तुलना करायची तर तोच आकडा पाहावा, कारण स्वस्त वाटणारा दीड टन बऱ्याचदा सव्वा टनाच्या जवळचा निघतो.

किती वॉट लागतील, हे खोलीच्या क्षेत्रफळावरून अंदाजे ठरते. शंभर-एकशेवीस चौरस फुटांना एक टन आणि एकशेऐंशीपर्यंत दीड टन हा रुळलेला ठोकताळा आहे. तो मधल्या मजल्यावरच्या, सावलीतल्या खोलीसाठी बरा. पुण्यातली दहा बाय बाराची खोली घेऊ. ती तिसऱ्या मजल्यावर आणि पूर्वेकडे असेल, तर एक टन पुरतो. तीच खोली शेवटच्या मजल्यावर असेल आणि तिची भिंत व खिडकी पश्चिमेला असेल, तर दुपारभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तिथे एक टनाचा एसी थंड करेल, पण पूर्ण जोर लावून, न थांबता. अशा खोलीला दीड टन घ्यावा. उलट, लहान खोलीत उगाच मोठा एसी बसवला तर हवा झटकन गार होते, पण तिच्यातली आर्द्रता निघायला लागणारा वेळच मिळत नाही. मुंबईत आणि कोकणात अशी खोली थंड असूनही दमट, चिकट वाटते.

हा मुद्दा इन्व्हर्टरशी थेट जोडलेला आहे. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो आणि खोली गार झाली की बंद पडतो. थोड्या वेळाने तो पुन्हा पूर्ण वेगाने सुरू होतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार होत आली की वेग उतरवतो आणि मंद गतीने चालत राहतो. बचत होते ती या मंद चालीत. टनेज कमी पडल्यामुळे कॉम्प्रेसर रात्रभर पूर्ण वेगानेच धावत असेल, तर इन्व्हर्टरचे पैसे बहुतांशी वाया गेले. बाजारात आता तीन स्टारचे बहुतेक स्प्लिट एसीही इन्व्हर्टरच असतात. म्हणून ‘इन्व्हर्टर आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘वर्षाला किती युनिट’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. तारांकनाचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच स्टार आणि नवा पाच स्टार एकसारखे नसतात.

लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरासाठी काढलेले असतात. समजा, दीड टनाच्या तीन स्टार एसीवर ९८० युनिट लिहिले आहेत आणि पाच स्टारवर ७६०. फरक २२० युनिटांचा. पाच स्टार आठ हजार रुपयांनी महाग आहे आणि वीज सर्व आकार धरून युनिटला १२ रुपये पडते, असे धरू. पुण्याच्या त्या खोलीत मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नव्वद रात्री, रोज आठ तास एसी चालला, तर ७२० तास होतात. म्हणजे बचत शंभरेक युनिटांची, बाराशे रुपयांची. आठ हजार वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल. मुंबईत वर्षातल्या दोनशे रात्री एसी लागत असेल, तर मात्र तास १,६०० होतात. मग बचत वर्षाला २,६४० रुपये आणि वसुली तीन वर्षांत. पाच स्टार सर्वांनी घ्यावाच, हा विक्रेत्याचा सल्ला म्हणून अर्धाच खरा आहे. तास मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आणि ज्या आठ हजारांची एवढी चर्चा होते, त्यांच्या तोडीचा खर्च बसवणीत निघू शकतो. दुकानातल्या किमतीत तो सहसा धरलेला नसतो. त्यातला मोठा भाग आउटडोअर युनिट कुठे बसणार यावर ठरतो. बहुतेक कंपन्या खोक्यात तीन मीटर तांब्याची नळी देतात. पुण्याच्या खोलीत दोन पर्याय आहेत. आउटडोअर भिंतीच्या बाहेरच, इनडोअरच्या मागे बसवला तर ही तीन मीटर नळी पुरते. हजारेक रुपयांचे लोखंडी स्टँड आणि दीड हजार फिटिंग एवढ्यात काम भागते. गच्चीवर न्यायचा तर आठ मीटर नळी लागेल. जादा पाच मीटर, मीटरला नऊशे रुपये दराने, साडेचार हजारांना पडतात. शिवाय दोन्ही युनिटांमधली वायर लांबते आणि नळी कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर गॅसही वाढवून भरावा लागतो.

तरीही स्वस्त पर्याय नेहमी शहाणपणाचा ठरतोच असे नाही. सातव्या मजल्याच्या उघड्या भिंतीवर लटकवलेल्या युनिटची प्रत्येक दुरुस्ती जोखमीची असते. स्टँडचे अँकर बोल्ट पोकळ विटेत न बसता भक्कम भिंतीत बसायला हवेत. समुद्राकाठी साधे रंगवलेले स्टँड लवकर गंजते. तिथे गॅल्व्हनाइज्ड घ्यावे. ड्राय बाल्कनी किंवा अरुंद डक्ट सोयीची वाटते, पण बाहेर फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत युनिटकडे आली, तर पाच स्टारचाही कारभार तीन स्टारसारखा होतो.

वायरिंगवर काटकसर करू नये. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात सात-आठ अँपिअर घेतो आणि तासन्‌तास घेत राहतो. त्यासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढावी. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरचे सॉकेट आणि खरे अर्थिंग असावे. गीझरच्या लाइनवर जोडलेल्या एसीचा प्लग तासाभराने हाताला गरम लागला, तर वायर किंवा सॉकेट कमी पडते आहे, असे समजावे. या कामाला तीनेक हजार धरले, तर भिंतीवरच्या पर्यायाची एकूण बसवणी साडेपाच हजारांना आणि गच्चीवरची साधारण दहा हजारांना पडते.

बसवणीतली सर्वांत सर्रास चुकवाचुकवी व्हॅक्यूमची असते. नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. घाईतला कारागीर थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ देतो. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरला भोवते. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला, तर तिथून गॅस गळतो आहे. जोड दुरुस्त न करता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे. इनडोअरमधून पाणी ठिबकत असेल, तर ड्रेनच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार मिळालेला नाही.

खरेदीचे पैसे देण्याआधी फिटरला घरी बोलावून जागा दाखवावी आणि नळी, स्टँड व वायरिंग यांचे वेगवेगळे दर लिहून घ्यावेत. काम झाल्यावर नळी टेपने मोजावी आणि खोक्यातले तीन मीटर वजा करूनच बिल भागवावे.