पीएम किसान यादीत नावं का घटली? ग्रामसभेत आकडा असा वाचा

'जुन्या रजिस्टरला 412 शेतकरी होते, आता 303 च कसे?' यादी साफ झाल्यावर ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच येतो. 109 नावं कापली, असं म्हणून गोंधळ होतो. पण त्यातली सगळीच कापलेली नसतात. एका गावाचा हिशोब समजा असा आहे.

जुनं रजिस्टर 8-अ वरून बनलेलं असतं. म्हणजे त्यात खातेदार मोजलेले. योजना मात्र कुटुंब मोजते: नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. एकाच माणसाची दोन खाती असली, किंवा नाव दोन तऱ्हेनं लिहिलं गेलं, की रजिस्टरला तो दोनदा येतो. आधार क्रमांक लावला की ही दुबार नावं उघडी पडतात. अशी 22 गेली, राहिली 390.

मयतांच्या यादीत 31 नावं आहेत. त्यातली 5 दुबार म्हणून आधीच गेलेली, म्हणून इथे 26 च वजा होतात. राहिले 364. (बेरीज जुळत नाही अशी ओरड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.) नवरा-बायको दोघांच्या नावावर हप्ता चालू होता अशी 14 घरं, तिथे एकेक नाव कमी झालं. आयकर भरणारे आणि महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे मिळून 9. उरले 341. हा गावचा खरा पात्र आकडा.

मग 303 कुठून आला? उरलेल्या 38 जणांची ई-केवायसी झालेली नाही किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नाही. हे अपात्र नाहीत, त्यांचा हप्ता फक्त अडकलाय. ग्रामसभेनं भांडायचं तर या 38 साठी भांडावं. अपात्र आणि अडकलेले अशा दोन वेगळ्या याद्या, प्रत्येक नावापुढे कारण लिहून, मागून घ्याव्यात. एकच आकडा वाचून दाखवला तर तो मान्य करू नये.

आपलं नाव कुठे अडकलंय हे pmkisan.gov.in वर 'Know Your Status' मध्ये दिसतं. ई-केवायसी मोबाईलवर ओटीपीनं होते. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर सेतू केंद्रात अंगठा देऊन होते.

मयताच्या घरच्यांनी मात्र वाट बघत बसू नये. नाव आपोआप वारसाकडे जात नाही. आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून सातबाऱ्यावर नाव लावायचं, मग नवा अर्ज. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही, वारसानं आलेल्या जमिनीला ही अट आड येत नाही.

आणि जिवंत माणूस 'मयत' दाखवला असेल तर त्यानं आधार आणि सातबारा घेऊन स्वतः तालुक्याच्या कार्यालयात जावं. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.