आवळ्यावरचं पाणी

आवळा चावून खावा, त्याची तुरट-आंबट चव तोंडात मुरू द्यावी आणि मग साध्या पाण्याचा घोट घ्यावा. पाणी गोड लागतं. हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच अनुभवलेलं असतं. पण त्याच तांब्यातलं पाणी आवळा न खाल्लेल्या माणसाला दिलं, तर त्याला ते नेहमीसारखंच लागतं. मग ती गोडी होती कुठे? पाण्यात, आवळ्यात, की जिभेवर?

सतराव्या शतकात बंगाली नैयायिक विश्वनाथ न्यायपंचानन यांना हाच प्रश्न पडला होता, फक्त त्यांच्यासमोर आवळ्याऐवजी हिरडा होता. न्याय-वैशेषिकांच्या मते चव हा पदार्थाचा खराखुरा गुण आहे आणि पाण्याची चव मुळातच मधुर आहे. मग ती एरवी जाणवत का नाही? ‘सिद्धान्तमुक्तावली’त विश्वनाथ सांगतात की हिरड्यासारखं काही खाल्लं की पाण्यातली मूळची गोडी प्रकट होते. दिव्याने खोलीतली वस्तू दिसावी, पण दिव्याने ती घडवलेली नसावी, तसंच हे. ही गोडी हिरड्यातच नव्याने तयार होत असेल का, ही शंकाही त्यांनी घेतली. पण तसं मानलं तर कल्पनेचा पसारा वाढतो, म्हणून ती सोडून दिली.

त्याच शतकाच्या अखेरीस, १६८९ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉन लॉक यांचा मानवी आकलनावरचा मोठा ग्रंथ आला. त्यांनी पदार्थाच्या गुणांचे दोन वर्ग केले. आकार, आकारमान, संख्या, गती हे प्राथमिक गुण. गव्हाच्या दाण्याचे कितीही तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला काही ना काही आकार असणारच. रंग, चव, वास, ऊब हे दुय्यम गुण. लॉक यांचा एक दाखला घरात करून बघण्यासारखा आहे. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग दोन्ही हात एकदमच कोमट पाण्यात घाला. एका हाताला ते ऊन लागतं, दुसऱ्याला गार. एकच पाणी एकाच वेळी ऊनही आणि गारही असू शकत नाही. पण एका हाताला चौकोनी लागलेली वस्तू दुसऱ्याला गोल लागली, असं कधी होत नाही.

लॉक यांचं म्हणणं पुष्कळदा चुकीचं सांगितलं जातं. रंग आणि चव निव्वळ मनाचे खेळ आहेत, असं ते म्हणत नाहीत. दुय्यम गुण म्हणजे आपल्यात विशिष्ट संवेदना उठवण्याची पदार्थातली शक्ती, आणि ती त्याच्या सूक्ष्म कणांच्या रचनेतून येते. शक्ती साखरेत आहे. गोडीसारखं काही मात्र साखरेच्या कणात नाही. मांजराला साखर गोड लागत नाही, कारण गोडी ओळखणारा ग्राहक घडवणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी आहे. साखर तीच, जीभ वेगळी.

आता पुन्हा आवळ्याकडे. अमेरिकेत लिंडा बार्टोशुक यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत पाण्याच्या चवीवर प्रयोग केले. जीभ आंबटाला सरावली की शुद्ध पाणी गोड लागतं. मिठाला सरावली की तेच पाणी आंबट-कडवट लागतं. माझ्या मते विश्वनाथांचं उत्तर इथे टिकत नाही. हिरड्याने पाण्याची खरी गोडी उघड होत असेल, तर मिठाने त्याची खरी कडवट चव उघड होते, असंही म्हणावं लागेल. पण त्यांनी नाकारलेली शंकाही पुरती बरोबर नव्हती, कारण ही गोडी हिरड्यातही नसते. ती जिभेच्या त्या वेळच्या अवस्थेतून येते.

रंगाचंही असंच आहे. मोबाइलच्या पडद्यावर हळदीचा फोटो पिवळा दिसतो. पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब टाकून पाहा. थेंब भिंगासारखं काम करतो आणि आत लाल व हिरवे ठिपके दिसतात. पिवळ्या प्रकाशाचा ठिपका तिथे नसतोच. आपल्या डोळ्यातल्या रंगपेशींना मात्र हे मिश्रण आणि खऱ्या हळदीवरून येणारा प्रकाश जवळपास सारखाच वाटतो.

यावर १७१३ मध्ये जॉर्ज बर्कली यांनी लॉक यांना अडवलं: आकारही बघणाऱ्यानुसार बदलतोच की. ताट तिरकं धरलं तर लंबगोल दिसतं. आक्षेप वजनदार आहे. पण लंबगोल दिसणाऱ्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवता येतं, दोरीने त्याचा व्यास सगळीकडून मोजता येतो. डोळ्याची चूक हाताला पकडता येते. चवीची तपासणी करायला जिभेशिवाय दुसरं इंद्रिय नाही, म्हणून मला लॉक यांची विभागणी अजूनही कामाची वाटते.

साखरेचं पाणी आणि आवळ्यावर गोड लागलेलं पाणी यांत फरक मात्र उरतोच. दोन्हींचे चार-चार थेंब ओट्यावर ठेवा. मुंग्या साखरेच्या थेंबांपाशीच जमतील.